पालकाची जुडी, तीन फोटो: प्रतवारीच्या प्रकल्पाच्या नोंदी

3 फेब्रुवारी

काम आजपासून सुरू. फोनवर काढलेल्या फोटोवरून पालेभाजीची प्रत ठरवायची. सगळ्या पालेभाज्या एकदम हाती घेण्याचा मोह आवरला आणि फक्त पालक घेतला. पालकाचं पान रुंद असतं, देठ लांब असतं, आणि शिळेपणा तीन ठिकाणी दिसतो: पानाच्या रंगात, पान माना टाकतं त्यात, आणि देठाच्या कापलेल्या टोकाला. मेथी-कोथिंबिरीची पानं इतकी बारीक असतात की फोटोत एक पान वेगळं काढणंच अवघड. ती नंतर बघू.

बाजारात भाजी विकणाऱ्या एका मावशींनी मदत करायचं कबूल केलंय. त्यांची अट एकच: गिऱ्हाईक असताना मध्ये यायचं नाही. समोरच्या गाळ्यावरचे काकाही तयार झालेत. ते बहुधा मावशी काय सांगतात ते चुकीचं आहे हे दाखवायला.

6 फेब्रुवारी

120 जुड्यांचे फोटो झाले. दोघांना प्रत्येक फोटो दाखवून 1 ते 5 मध्ये ताजेपणा विचारला. 5 म्हणजे शेतातून आत्ता आलेली, 1 म्हणजे फेकायची.

हा प्रश्नच चुकीचा होता हे तीन दिवसांनी लक्षात येणार होतं. आज मात्र मी आकड्यांचा तक्ता बघून खूश आहे.

9 फेब्रुवारी

तेच 120 फोटो क्रम बदलून मावशींना पुन्हा दाखवले. पहिल्या वेळी दिलेला आकडा दुसऱ्या वेळी फक्त 71 फोटोंना मिळाला. म्हणजे त्यांचं स्वतःशीच जुळत नाही. मी जरा बिचकत हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, तीन काय नि चार काय! मला तसं ठरवावंच लागत नाही कधी. मी बघते ती एवढंच की ही उद्याला राहील का."

मग प्रश्न बदलला. तीनच उत्तरं ठेवली: उद्यापर्यंत राहील (अ), आजच गेली पाहिजे (ब), बाजूला काढायची (क). त्याच फोटोंवर हा प्रश्न दोनदा विचारल्यावर 104 वेळा उत्तर तेच आलं. मावशी आणि काका यांचं आपसात 97 वेळा जुळलं. उरलेल्या 23 पैकी बहुतेक अ आणि ब यांच्या सीमेवरचे, आणि तिथे वाद होणं रास्तच आहे. अ आणि क असा टोकाचा फरक एकदाच आला. ती जुडी ओली होती, हे तेव्हा नुसतं टिपून ठेवलं.

यातून एक मर्यादाही ठरली. दोन जाणकार माणसं जर 120 पैकी 97 वेळा जुळत असतील, तर माझा प्रोग्राम मावशींशी 115 वेळा जुळला तर मी आनंद मानायचा नाही, संशय घ्यायचा.

12 फेब्रुवारी

आजचा दिवस रंगाचा. हिरव्याचं पिवळं होणं मोजायला आरजीबीचे, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे, आकडे उपयोगाचे नाहीत, कारण उजेड कमी झाला की तिन्ही आकडे एकदम खाली येतात. म्हणून लॅब रंगपद्धतीत गेलो. तिथे उजळपणा वेगळा राहतो आणि रंग दोन अक्षांवर मिळतो: `a` म्हणजे हिरवा ते लाल, `b` म्हणजे निळा ते पिवळा. या दोन्हींवरून एक कोन काढायचा. हिरवं पान साधारण 125 ते 130 अंशांच्या आसपास येतं, आणि पिवळं होत गेलं की कोन 100 च्या खाली उतरू लागतो.

संध्याकाळपर्यंत माझी हिरवी आणि पिवळी पानं एकाच कोनावर बसली होती. दोन्ही 54 अंश! आधी वाटलं फोटो खराब, मग वाटलं पानं वेगळी करण्याचा भाग चुकला. शेवटी दोन पिक्सेल घेऊन कागदावर गणित केलं तेव्हा सापडलं. फोटो हाताळणारी ओपनसीव्ही लायब्ररी 8 बिटच्या फोटोत `a` आणि `b` मध्ये 128 मिळवून ठेवते, म्हणजे ऋण आकडे राहत नाहीत. मी ते 128 वजा केलेच नव्हते. हिरव्या पानाचे खरे आकडे −18 आणि 24. त्यांचे झाले 110 आणि 152, कोन 54. पिवळ्याचे खरे −5 आणि 45. त्यांचे झाले 123 आणि 173, कोन पुन्हा 54 च्या पुढे जेमतेम. वजाबाकी केल्यावर हिरवं 127 वर आणि पिवळं 96 वर गेलं.

```python
lab = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2LAB).astype(np.float32)
a = lab[..., 1] - 128
b = lab[..., 2] - 128
kon = np.degrees(np.arctan2(b, a))
```

अर्धा दिवस या दोन वजाबाक्यांत गेला. कोणाला असाच सगळ्या भाज्यांचा एकच रंग मिळत असेल तर आधी इथे बघावं.

13 फेब्रुवारी

आता कोन बरोबर येतोय, पण कशाचा येतोय हा प्रश्न उभा राहिला. तीच एक जुडी तीन ठिकाणी नेऊन फोटो काढले. मोकळ्या सावलीत 127, निळ्या ताडपत्रीखाली 139, पिवळट दिव्याखाली 114. जुडी तीच, मध्ये दहा मिनिटंही गेली नव्हती. दोन दिवस ठेवलेल्या जुडीच्या पानांत मला 10-12 अंशांचा फरक दिसला होता, आणि इथे नुसत्या जागेमुळे 25 अंश! म्हणजे मी भाजीचं वय मोजत नव्हतो, गाळ्यावरचं छप्पर मोजत होतो.

यात फोनचाही हात आहे. फोन स्वतःहून रंगाचा तोल साधतो, आणि तसं करताना चित्रात सगळे रंग थोडेफार असतील असं धरून चालतो. चौकट भरून हिरवी पानंच असली की त्याला वाटतं उजेडच हिरवा आहे, आणि तो हिरवा कमी करतो. जुडी जितकी जवळून घ्यावी तितकी ती निस्तेज दिसते, ती यामुळेच.

उपाय जुनाच आहे: चौकटीत एक राखाडी पट्टी ठेवायची आणि ती खरोखर राखाडी येईल असा सगळा फोटो दुरुस्त करायचा. पांढरा कागद चालेल असं वाटलं होतं, पण छपाईच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारी द्रव्यं असतात. उन्हातली अतिनील किरणं शोषून ती निळसर उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे कागद उन्हात एक रंग दाखवतो आणि दिव्याखाली दुसरा. म्हणून छायाचित्रकार वापरतात ती 18 टक्क्यांची राखाडी पट्टीच घेतली.

दुरुस्तीनंतर तीन ठिकाणचे कोन 127, 128 आणि 124 आले. दिव्याखालचा पूर्ण जुळत नाही. त्या दिव्याच्या उजेडात निळा भागच इतका थोडा आहे की पट्टीच्या आधाराने गुणाकार करून तो परत आणता येत नाही, आणला तर त्यासोबत फोटोतला कचराही वाढतो. तेवढी चूक मी चालवून घेतली.

15 फेब्रुवारी

पट्टीचे दोन ताप. पहिला: जुडी उन्हात आणि पट्टी सावलीत, किंवा उलटं. मग दुरुस्ती दुसऱ्याच उजेडाची होते. आता पट्टी जुडीला टेकवूनच ठेवतो, आणि फोटो काढताना जुडीवर अर्धं ऊन अर्धी सावली असेल तर सरळ जागा बदलतो. दुसरा: बाजारात सगळं ओलं असतं, पट्टीही भिजते, आणि भिजलेली पट्टी चमकते. चमकलेल्या जागी राखाडी पांढरी होते. पट्टीवर एकही पिक्सेल 240 च्या वर गेला तर फोटो परत काढा असं प्रोग्राम सांगतो. खिशात फडकं ठेवायला शिकलो.

रंगाची सरासरी काढणंही आज बंद केलं. एका जुडीत दहात एक पान पिवळं असेल तर सरासरी कोन 127 वरून 124 वर येतो, आणि तो फरक दिव्याच्या चुकीत बुडून जातो. पण मावशी त्या एका पिवळ्या पानावरूनच जुडी ब मध्ये टाकतात. म्हणून आता सरासरी नाही, पानांच्या एकूण क्षेत्रातला किती भाग 110 अंशांच्या खाली आहे तेवढंच मोजतो.

18 फेब्रुवारी

आतापर्यंत 310 जुड्या, प्रत्येकीचे तीन-चार फोटो. फोटो ओळखायला शिकणारं एक लहान तयार न्यूरल नेटवर्क घेऊन त्याला हे फोटो आणि प्रती शिकवल्या. 94 टक्के बरोबर!

9 तारखेला स्वतःला दिलेली तंबी आठवली आणि शोधायला लागलो.

एका जुडीचे काही फोटो शिकण्यात आणि काही परीक्षेत, अशी सरमिसळ झाली होती. प्रोग्राम जुडी ओळखत होता, प्रत नव्हे. जुडीच्या क्रमांकानुसार गट पाडून, म्हणजे एका जुडीचे सगळे फोटो एकाच बाजूला राहतील असं करून, पुन्हा चालवलं. त्यासाठी `GroupKFold` वापरलं. 94 चे 79 झाले.

तरी 79 मला जास्तच वाटले. म्हणून एक खोडकर परीक्षा घेतली. प्रत्येक फोटोतल्या जुडीवर राखाडी चौकोन चिकटवला, भाजी पूर्ण झाकली, आणि विचारलं, प्रत सांग. क च्या जुड्या त्याने बहुतेक अचूक सांगितल्या. भाजी न बघता! कारण मावशी बाजूला काढलेल्या जुड्या एका काळ्या पाटीत टाकतात आणि मी त्यांचे फोटो त्या पाटीतच काढत होतो. काळी पाटी दिसली की क. चूक त्याची नाही, मीच त्याला हे शिकवलं.

क च्या सगळ्या जुड्या नव्याने गोळा करायच्या. आता सगळे फोटो एकाच पांढऱ्या फळीवर.

24 फेब्रुवारी

फळीवरचे 200 जुड्यांचे फोटो. 68 टक्के. हा आकडा कमी आहे, पण पहिल्यांदाच तो भाजीचा आहे.

26 फेब्रुवारी

कुठे चुकतंय ते एकेक फोटो उघडून बघितलं. अ आणि ब मध्ये सर्वांत जास्त गोंधळ. अशा जुड्या मावशींपुढे ठेवल्या की त्या जुडी उलटी करतात आणि बुडखा बघतात. दरवेळी. पानाकडे नंतर.

मग माझ्या फोटोत बुडखा किती दिसतो ते मोजलं. जुडी साधारण 35 सेंटिमीटर लांब, ती चौकटभर घेतली तर 4000 पिक्सेलमध्ये एका सेंटिमीटरला सुमारे 114 पिक्सेल मिळतात. अर्ध्या सेंटिमीटरचं देठाचं टोक म्हणजे 57 पिक्सेल, पुरेसं आहे. पण नेटवर्कला देताना मी फोटो 224 पिक्सेलवर आणत होतो. तिथे एका सेंटिमीटरला 6.4 पिक्सेल उरतात आणि देठाचं टोक येतं 3 पिक्सेलमध्ये. तीन पिक्सेलमध्ये काप पांढरा आहे की तपकिरी, ओला की सुकलेला, हे कोणालाच दिसणार नाही. मी देठ बघणारा प्रोग्राम लिहिला होता आणि देठ त्याला कधी दाखवलंच नव्हतं.

आजपासून प्रत्येक जुडीचे तीन ठरलेले फोटो:

पहिला, फळीवर आडवी ठेवलेली जुडी, पट्टीसकट, रंगासाठी. दुसरा, बुडखा धरून जुडी आडवी हवेत, मागे फळी उभी, मान किती टाकली ते बघायला. तिसरा, बुडख्याचा, 15 सेंटिमीटरवरून, काप कॅमेऱ्याकडे तोंड करून.

28 फेब्रुवारी

देठाच्या फोटोंनी पहिल्याच दिवशी फसवलं. एकदम ताज्या, मुळासकट आलेल्या जुड्यांना प्रोग्राम शिळ्या म्हणतोय.

बघितलं तर पालकाचा बुडखा, जिथे देठं मुळाला मिळतात तिथे, गुलाबी-लालसर होता. तो सडका नव्हे, त्याचा रंगच तो. पालक हा राजगिऱ्याच्या कुळातला, आणि या कुळात बीटाला लाल करणाऱ्या जातीची रंगद्रव्यं असतात. अनेक वाणांत ती बुडख्याशी दिसतात. माझा नियम होता: देठाच्या भागात `a` वाढला, म्हणजे हिरव्याकडून लालकडे गेला, की काप तपकिरी झाला. गुलाबीही त्याच बाजूला पडतो.

दोन्ही वेगळे करता येतात. तपकिरी काप काळवंडतो, म्हणजे उजळपणा खाली येतो, आणि त्यात पिवळेपणा असतो. गुलाबी भाग उजळच राहतो आणि `b` जवळजवळ शून्याशी. आता तिन्ही आकडे मिळून बघतो. शिवाय तपकिरी रंग कापाच्या तोंडावर असतो, गुलाबी बाजूच्या सालीवर. म्हणून कापाचं तोंड कॅमेऱ्यासमोर असणं महत्त्वाचं. तिरका फोटो आला की हा भेद संपला.

काप तपकिरी का होतो, तर कापल्यावर पेशी फुटतात, आतली फिनॉल द्रव्यं आणि एक विकर एकत्र येतात आणि हवेतल्या ऑक्सिजनने ती काळवंडतात. चिरलेलं सफरचंद किंवा वांगं ज्या कारणाने काळं पडतं तेच. ही क्रिया मागे फिरत नाही, आणि पाणी मारून ती पुसताही येत नाही. हे पुढे कामी येणार आहे.

3 मार्च

एक जुडी दिवसभर धरून बसायची ठरवली. जुडी क्रमांक 17. सकाळी 7 ला ताजी कापलेली, वजन 250 ग्रॅम. आडवी धरली तर पानांचे शेंडे आडव्या रेषेच्या खाली 12 अंश.

10 वाजता 241 ग्रॅम, म्हणजे 3.6 टक्के वजन गेलं. पालकासारख्या भाजीत 3 टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की कोमेजणं डोळ्यांना दिसायला लागतं, आणि इथेही तसंच झालं. शेंडे 32 अंश खाली. रंगाचा कोन 127 च्या 127.

दुपारी 1 वाजता 229 ग्रॅम, 8.4 टक्के गेले. मान 58 अंश खाली. बाहेरच्या दोन पानांच्या कडा कागदासारख्या झालेल्या. काप पांढऱ्याचा मातकट झाला, मध्ये किंचित खड्डा पडला. रंगाचा कोन 126. एवढी मरगळलेली जुडी, पण रंगात काहीच नाही. हरितद्रव्य मोडायला वेळ लागतो. पाणी मात्र तासात जातं.

मग काका करतात तसं केलं. बुडखा पाण्यात बुडवला, पानांवर पाणी शिंपडलं आणि ओल्या कापडात गुंडाळून ठेवली. 4 वाजता झटकून, पुसून वजन केलं: 244 ग्रॅम. मान 27 अंश. म्हणजे फोटोत ही जुडी सकाळी 10 ची दिसत होती, उलट ओली असल्याने जरा जास्तच टवटवीत. पहिल्या आणि दुसऱ्या फोटोवर प्रोग्रामने तिला बिनधास्त अ दिला.

6 फेब्रुवारीच्या यादीतली ती ओली जुडी आठवली, जिच्यावर मावशी आणि काका टोकाचं बोलले होते. मावशींनी क म्हटलं होतं, काकांनी अ.

पण क्रमांक 17 ला तीन गोष्टी लपवता आल्या नाहीत. काप तपकिरीच राहिला. कागद झालेल्या कडा पाणी पिऊनही सपाट झाल्या नाहीत. आणि दुपारी जिथे देठं वाकली होती तिथे गडद रेघा राहिल्या, देठ सरळ झालं तरी.

4 मार्च

क्रमांक 17 आज सकाळी उघडली. बाहेरची तीन पानं पिवळी, 88 ते 100 अंशांत. दोरीने आवळलेल्या जागी आत एक पान चिकट झालंय. फोटोत बाहेरून यातलं फक्त पिवळेपण दिसतं.

या एका जुडीने माझा आराखडा मोडला, आणि बरं झालं. मी तिन्ही खुणा एकाच आकड्यात कालवत होतो, जणू सगळ्या एकाच गोष्टीच्या आहेत. पण मान टाकणं म्हणजे पाणी कमी झालं, आणि ते परत भरता येतं. पिवळं पडणं आणि काप काळवंडणं म्हणजे वय, आणि ते परत येत नाही. मानेच्या खुणेला वयाच्या खुणांइतकंच वजन दिलं की ज्याने पाणी मारलं तो जिंकतो.

बरं, पाणी मारणं ही लबाडी आहे असंही नाही. पाणी मिळालेली जुडी खरंच जास्त टिकते, न मिळालेली संध्याकाळी फेकावी लागते. मावशीही मारतात. फक्त त्यावरून वय काढू नये.

7 मार्च

नवा नियम असा लिहिला. वय फक्त पिवळा भाग आणि काप यांवरून. जुडी आडवी धरल्यावर मान आडव्या रेषेपासून 40 अंशांपेक्षा जास्त खाली गेली तर जुडी अ राहू शकत नाही. पण मान ताठ आहे म्हणून जुडीला वर ढकलायचं नाही. म्हणजे मान प्रत कमी करू शकते, वाढवू शकत नाही.

40 हा आकडा सगळ्या जुड्यांना सारखा लागू नाही, हेही दिसतंय. लांब देठाच्या, मोठ्या पानांच्या जुडीचे शेंडे ताज्या असतानाही जरा जास्त झुकतात, आणि दोरी सैल असेल तर पंखा उघडतो आणि कोन मोजणंच निरर्थक होतं. सैल जुडी दिसली की आधी हाताने आवळून मग फोटो.

ओल्या पानांची चकाकी हा आणखी एक ताप. पाण्याच्या थेंबावर आकाश उमटतं आणि तिथे रंग धुऊन जातो. लेन्ससमोर ध्रुवक काच धरली तर चकाकी बरीच कमी होते, पण बाजारात एका हातात जुडी, एका हातात फोन, ध्रुवक धरायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून फार उजळ आणि रंग नसलेले पिक्सेल सरळ मोजणीतून वगळले. उरलेल्या पानांवर रंग मोजायला पुरेसं क्षेत्र असतं.

11 मार्च

देठावरचा भरवसा किती टिकेल, असं मावशींना विचारलं. त्या हसल्या. सुरी घेतली, कालची जुडी घेतली, बुडख्याचे दोन बोटं देठ कापून टाकले. पांढराशुभ्र, ओला काप. "घ्या, ही आजची."

प्रोग्रामने अ दिला.

मग ती जुडी कशी ओळखायची? मावशींनी दाखवलं ते असं. सगळे काप एकदम सारखे आणि एका रेषेत असतात, जणू पट्टीने कापले. मुळं गेलेली असतात, आणि जुडी पानांच्या मानाने आखूड दिसते. पण हे पुरावे नाहीत, कारण काही ठिकाणाहून माल शेतातूनच असा कापून येतो. खरा पुरावा पुन्हा क्रमांक 17 चाच: पानांच्या कागदी कडा आणि देठावरच्या वाकल्याच्या रेघा. त्या सुरीने जात नाहीत, त्यासाठी पानंच काढून टाकावी लागतात, आणि तसं केलं तर जुडी बारीक होते.

म्हणून पहिल्या फोटोत जुडीच्या बाहेरच्या चार-पाच पानांच्या कडा जवळून तपासायचा भाग जोडला. फोटो लहान न करता, मूळ आकारातूनच तुकडे कापून. 26 तारखेची चूक पुन्हा करायची नव्हती.

16 मार्च

आधी कधी न पाहिलेल्या, आजच्याच 40 जुड्यांवर चाचणी. मावशींना प्रत विचारताना प्रोग्रामचं उत्तर दाखवलं नाही, आणि प्रत्यक्ष जुडी हातात दिली, फोटो नाही. 31 वेळा जुळलं.

न जुळलेल्या 9 चा हिशोब बसून लावला. चार जुड्या नव्याने कापलेल्या होत्या आणि त्यांची बाहेरची पानं काढली होती, म्हणजे कडांचा पुरावाही गेला. तिथे प्रोग्रामने अ दिला, मावशींनी ब. मावशींनी कशावरून ओळखलं विचारलं, तर त्यांनी एक देठ मोडून दाखवलं. "कट् असा आवाज आला पाहिजे. ही नुसती वाकते." आवाज माझ्या फोटोत नाही. तीन जुड्यांत आतली पानं पिवळी किंवा चिकट होती, बाहेरून काहीच खूण नव्हती, मावशींनी दोरी सोडून बघितलं. दोन जुड्यांवर मी त्यांना दुपारी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःचंच उत्तर बदललं.

अ ला क किंवा क ला अ, असं एकदाही झालं नाही.

17 मार्च

प्रोग्रामच्या उत्तरात दोन बदल. आता प्रोग्राम नुसतं अक्षर देत नाही. तो तीन ओळी दाखवतो: पिवळा भाग किती, काप कसा, मान किती. आणि मान ताठ असून काप तपकिरी असेल तर लिहितो, "पाणी दिलेली जुडी, वय कापावरून बघा." काप एका रेषेत आणि मुळं नसतील तर प्रत देतच नाही. तिथे लिहून येतं, "दोरी सोडा, एक देठ मोडून बघा."

काकांना हा दुसरा संदेश आवडला नाही. त्यांच्या गाळ्यावर तो आज अकरा वेळा आला.